एक कळ, तीन कोष्टके : स्लायसर आणि त्याच्या जोडण्या

तालुक्याच्या कचेरीत उन्हाळ्याच्या दिवसांत सर्वांत वेगाने वाढणारी नोंदवही कोणती असेल, तर ती टँकरच्या खेपांची होय. टंचाईग्रस्त गावांना पाणी पोहोचविणाऱ्या प्रत्येक टँकरची प्रत्येक खेप तीत एका ओळीने नोंदविली जाते. दिवसाकाठी दहा-बारा ओळींची भर पडत गेली, तरी दोन महिन्यांत ही वही काही शेकडा ओळींची होते. पूर्वी अशा वहीचा गोषवारा महिनाअखेरीस हाताने काढला जाई. आता बहुतेक ठिकाणी ती संगणकावर, एक्सेलमध्ये, ठेवली जाते आणि गोषवाराही तेथेच तयार होतो.

असा गोषवारा काढण्याचे एक्सेलमधील साधन म्हणजे पिव्होट टेबल. एक्सेलमध्ये ते १९९३ पासून उपलब्ध आहे. नोंदवहीतील शेकडो ओळींचे गावनिहाय, टँकरनिहाय अथवा महिनानिहाय संकलन ते काही क्षणांत करून देते. मात्र बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्यांना एकच संकलन पुरत नाही. एका महसूल मंडळापुरते बोलणे निघाले, की त्या मंडळातील गावे, तेथे धावणारे टँकर आणि महिन्यागणिक पोहोचलेले पाणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समोर असाव्या लागतात. तीन कोष्टके असतील तर प्रत्येकावर ‘पूर्व मंडळ’ ही निवड वेगवेगळी करावी लागे, आणि त्यांतील एखादी राहून गेली की आकडे एकमेकांशी विसंगत होत.

ही अडचण दूर करणारे स्लायसर हे साधन एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीत आले. स्लायसर म्हणजे पडद्यावर दिसणारी कळांची एक पाटी होय. पाटीवरील प्रत्येक कळ म्हणजे नोंदवहीच्या एखाद्या स्तंभातील एक नोंद. मंडळाच्या स्तंभाचा स्लायसर असेल, तर जितकी मंडळे तितक्या कळा. ‘पूर्व’ ही कळ दाबली की कोष्टकात केवळ पूर्व मंडळाचे आकडे राहतात. ही एकच पाटी अनेक कोष्टकांना जोडता येते, आणि मग एका कळीने सर्व कोष्टके एकदम बदलतात. परंतु ही जोडणी आपोआप होत नाही. ती करावी लागते, आणि ती झाली आहे किंवा नाही हे तपासून पाहावे लागते. न जोडलेले कोष्टक कोणतीही सूचना देत नाही. ते आपले जुने आकडे दाखवीत शांतपणे उभे असते. या लेखाचा रोख त्या शांत कोष्टकाकडे आहे.

उदाहरणाची मांडणी

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित तालुका घेऊ. त्यात पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशी तीन महसूल मंडळे आहेत. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत तीन टँकरांनी मिळून ६४० खेपा केल्या. त्यांपैकी पूर्व मंडळात २५०, पश्चिम मंडळात २१० आणि दक्षिण मंडळात १८० खेपा झाल्या. हिशेब सोपा राहावा यासाठी प्रत्येक खेप १०,००० लिटरची धरली आहे. नोंदवहीचे स्तंभ सहा : दिनांक, महिना, मंडळ, गाव, टँकर आणि लिटर. मथळ्याची एक ओळ आणि तिच्याखाली खेपांच्या ६४० ओळी, असे तिचे स्वरूप आहे.

पहिले काम म्हणजे या ओळींना एक्सेलच्या दृष्टीने एक नाव असलेली सारणी बनविणे. नोंदवहीतील कोणत्याही चौकटीवर उभे राहून Ctrl+T या कळा दाबाव्यात. पहिली ओळ मथळ्याची असल्याची खूण My table has headers येथे राहू द्यावी. नंतर Table Design या पट्टीवरील Table Name या जागी सारणीला Khepa असे नाव द्यावे. या नावाचे महत्त्व पुढे कळून येईल. तूर्त इतके ध्यानात घ्यावे की, नव्या ओळी खाली लिहिल्या जातात तसतशी ही सारणी आपोआप वाढत जाते, आणि Khepa हे नाव नेहमी संपूर्ण नोंदवहीलाच लागू राहते.

यानंतर Insert पट्टीवरील PivotTable निवडून, Table/Range या जागी Khepa लिहून तीन कोष्टके तयार करावयाची. पहिल्यात ओळींच्या जागी गाव, दुसऱ्यात टँकर आणि तिसऱ्यात महिना हा स्तंभ ठेवावा. आकड्यांच्या जागी तिन्हींत खेपांची संख्या असावी. गाव या स्तंभात अक्षरे असल्यामुळे तो Values या भागात ओढून नेला की एक्सेल त्याची गणतीच करते. तिसऱ्या कोष्टकात खेपांबरोबर लिटरची बेरीजही घ्यावी. तिन्हींत खेपांची संख्या ठेवण्यामागे हेतू आहे. एकच गोष्ट तीन बाजूंनी मोजली, तर तिन्ही बेरजा समान यावयास हव्यात, आणि त्या समान आहेत की नाहीत यावरून पुढे पुष्कळ काही कळते.

प्रत्येक कोष्टकाला ओळखता येईल असे नाव देणेही आवश्यक आहे. एक्सेल स्वतःहून PivotTable1, PivotTable2 अशी नावे देते, आणि जोडणीच्या यादीत तीच दिसतात. पंधरा दिवसांनी PivotTable2 म्हणजे कोणते कोष्टक, हे ते तयार करणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून PivotTable Analyze पट्टीवरील PivotTable Name या जागी अनुक्रमे Gaonvar, Tankervar आणि Mahinavar अशी नावे द्यावीत.

जोडणी

आता Gaonvar या कोष्टकात उभे राहून PivotTable Analyze पट्टीवरील Insert Slicer निवडावे. स्तंभांची यादी येईल, तीत ‘मंडळ’ यावर खूण करून OK म्हणावे. कळांची पाटी पडद्यावर येते. तीवरील ‘पूर्व’ ही कळ दाबली असता Gaonvar मध्ये पूर्व मंडळातील पाच गावे राहतात : वडगाव ७०, पिंपळगाव ६०, निमगाव ५०, बोरगाव ४० आणि खडकी ३० खेपा, एकूण २५०. परंतु शेजारच्या दोन कोष्टकांत काहीही बदल होत नाही. त्यांची बेरीज ६४० हीच राहते. कारण स्लायसर ज्या कोष्टकातून काढला, केवळ त्यालाच तो आरंभी बांधलेला असतो.

इतर दोन कोष्टके जोडण्यासाठी स्लायसरच्या पाटीवर माउसची उजवी कळ दाबून Report Connections हा पर्याय घ्यावा. स्लायसर निवडलेला असताना Slicer पट्टीवरही हाच पर्याय दिसतो. २०१० च्या आवृत्तीत त्याचे नाव PivotTable Connections असे होते. समोर येणाऱ्या चौकटीत कोष्टकांची नावे आणि ती कोणत्या पानावर आहेत हे लिहिलेले असते, व प्रत्येकापुढे खुणेसाठी जागा असते. तिन्हींपुढे खूण करून OK म्हटले की जोडणी पूर्ण झाली. कोष्टके वेगवेगळ्या पानांवर असली तरी चालतात. यानंतर ‘पूर्व’ ही कळ दाबताच तिन्ही कोष्टके बदलतात. Tankervar मध्ये पहिला टँकर ११०, दुसरा ९० आणि तिसरा ५० असे आकडे येतात. Mahinavar मध्ये एप्रिलच्या १०० खेपा व १० लाख लिटर, मेच्या १५० खेपा व १५ लाख लिटर दिसतात. तिन्ही ठिकाणी खेपांची बेरीज २५० येते.

महिन्यासाठी दुसरा स्लायसर घेतला, तर त्याची जोडणी पुन्हा वेगळी करावी लागते, कारण प्रत्येक स्लायसरची यादी स्वतंत्र असते. मंडळाचा स्लायसर तिन्ही कोष्टकांना जोडलेला आहे, म्हणून महिन्याचाही असेल, असे समजणे चुकीचे ठरते. ‘पूर्व’ आणि ‘मे’ या दोन कळा दाबल्यावर तिन्ही बेरजा १५० यावयास हव्यात. Tankervar मध्ये २५० राहिले, तर त्या कोष्टकाला महिन्याचा स्लायसर जोडावयाचा राहिला आहे, हे उघड होते. उलट बाजूनेही पाहता येते. एखाद्या कोष्टकात उभे राहून PivotTable Analyze पट्टीवरील Filter Connections उघडले, की त्या कोष्टकावर कोणकोणत्या स्लायसरचा अंमल चालतो, त्याची यादी मिळते.

यादीत न दिसणारे कोष्टक

येथवरचा मार्ग सरळ आहे. अडचण उद्भवते ती Report Connections च्या यादीत एखादे कोष्टक मुळी दिसतच नाही तेव्हा. खूण करावयास जागाच नसते, आणि तसे का झाले याचे कारणही पडद्यावर लिहिलेले नसते.

हे कारण समजून घेण्यासाठी पिव्होट टेबल आतून कसे चालते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. पिव्होट टेबल दर वेळी मूळ नोंदवही वाचीत नाही. ते तयार होताना एक्सेल नोंदवहीची एक प्रत आपल्या स्मृतीत साठविते. तिला कॅश म्हणतात, आणि पुढची सर्व संकलने त्या प्रतीवरून होतात. एकाच नोंदवहीवरून अनेक कोष्टके केली, तर २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ती सामान्यतः एकच कॅश वाटून घेतात. स्लायसरचे नाते असते ते या कॅशशी. ज्या कोष्टकांची कॅश एक, तीच कोष्टके त्याच्या यादीत येतात. कॅश वेगळी असलेले कोष्टक त्याच पानावर, अगदी शेजारी असले, तरी स्लायसरच्या दृष्टीने ते परके असते.

आपल्या उदाहरणात असे कसे घडू शकेल? मेच्या मध्यावर, नोंदवहीत ५२० खेपा झालेल्या असताना आणि तिला Khepa हे नाव दिलेले नसताना, कोणा कर्मचाऱ्याने टँकरांचे कोष्टक घाईने तयार केले असे समजू. त्या वेळी उगमाच्या जागी A1:F521 अशी मर्यादा लिहिली गेली. पुढे नोंदवहीची रीतसर सारणी झाली, इतर दोन कोष्टके Khepa या नावावरून तयार करण्यात आली, आणि जुने टँकरांचे कोष्टक चांगले दिसते म्हणून तसेच ठेवले गेले. वरवर पाहता तिन्ही कोष्टके एकाच वहीची आहेत. परंतु एकाचा उगम A1:F521 असा आणि दोहोंचा Khepa असा असल्यामुळे कॅश दोन झाल्या. टँकरांचे कोष्टक स्लायसरच्या यादीत येणार नाही, आणि त्यात शेवटच्या १२० खेपाही कधी येणार नाहीत.

अशा पानावर बैठकीत ‘पूर्व’ ही कळ दाबली, तर काय दिसेल? गावांच्या कोष्टकात २५० खेपा आणि महिन्यांच्या कोष्टकातही २५० खेपा, पण टँकरांच्या कोष्टकात मात्र ५२०. वाचणाऱ्याची समजूत अशी की सर्व आकडे पूर्व मंडळाचे आहेत. त्याच्या दृष्टीने टँकरांनी ५२० खेपा केल्या आणि गावांना मिळाल्या २५०. मग उरलेल्या २७० खेपांचे पाणी गेले कोठे, असा प्रश्न निर्माण होतो. टँकरचालक, पुरवठादार आणि खेपेच्या पावतीवर सही करणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी हे तिघेही संशयाच्या छायेत येतात. प्रत्यक्षात एकही खेप नाहीशी झालेली नसते. एक कोष्टक मंडळाबद्दल बोलत असते आणि दुसरे अर्धवट तालुक्याबद्दल, इतकेच.

ही चूक नजरेस येणे कठीण असते, याचेही कारण आहे. कोष्टकात स्वतः मंडळाचा स्तंभ नसेल, तर त्यावर मंडळाची निवड लागू आहे किंवा नाही, हे त्या कोष्टकाकडे पाहून कळत नाही. निवड लागू असलेले आणि नसलेले, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून बेरजांची तुलना हाच भरवशाचा पुरावा होय. स्लायसरची प्रत्येक कळ एकेक करून दाबावी आणि प्रत्येक वेळी सर्व कोष्टकांच्या तळाची बेरीज पाहावी. आपल्या उदाहरणात ती तिन्ही ठिकाणी २५०, २१०, १८० अशी बदलत गेली पाहिजे. कळ बदलूनही जी बेरीज हलत नाही, ते कोष्टक जोडलेले नाही.

दुरुस्ती

परके कोष्टक आपलेसे करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते काढून टाकणे आणि जोडलेल्या कोष्टकाची प्रत घेऊन नवे तयार करणे. Gaonvar हे संपूर्ण कोष्टक निवडून त्याची प्रत मोकळ्या जागी उतरवावी. प्रत मूळ कोष्टकाचीच कॅश वापरते. नंतर तिच्यातील गाव हा स्तंभ ओळींच्या जागेवरून काढून तेथे टँकर ठेवावा, व तिला Tankervar असे नाव द्यावे. मग Report Connections उघडून पाहावे. नवे कोष्टक आता यादीत असते. त्यापुढे खूण नसेल तर करावी, आणि बेरजांची तुलना पुन्हा एकदा करावी.

जोडणीनंतर एक बंधनही येते. एकाच स्लायसरने बांधलेल्या कोष्टकांपैकी एकाचाच उगम बदलू गेल्यास एक्सेल तसे करू देत नाही, कारण त्यामुळे कॅश दुभंगली असती. आधी स्लायसरच्या जोडण्या सोडवा, अशी सूचना ते देते. A1:F521 अशी ठराविक मर्यादा लिहिलेली असेल, तर ओळी वाढताच उगम बदलण्याची आणि पर्यायाने सर्व जोडण्या सोडून पुन्हा करण्याची पाळी येते. नोंदवहीला प्रथमच Khepa हे नाव देण्याचा लाभ येथे दिसून येतो. सारणी वाढली तरी नाव तेच राहते, म्हणून उगम बदलावाच लागत नाही.

कॅश एक असण्याचे दुसरेही परिणाम आहेत. एक कोष्टक ताजे केले की त्याच कॅशवरील सर्व कोष्टके ताजी होतात, ही सोय झाली. परंतु एका कोष्टकात तारखांचे आठवड्यांनुसार गट पाडले, तर दुसऱ्या कोष्टकातील तारखांचेही तसेच गट पडतात. एका कोष्टकात आठवडे आणि दुसऱ्यात महिने हवे असतील, तर नोंदवहीतच महिन्याचा वेगळा स्तंभ ठेवणे श्रेयस्कर. उदाहरणात तो त्याच कारणाने ठेवला आहे.

जुळणारे आकडेही चुकू शकतात

तिन्ही बेरजा जुळल्या म्हणजे जोडणी बरोबर आहे, इतकेच सिद्ध होते. आकडे नोंदवहीशी जुळतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तीन कोष्टके एकाच प्रतीवरून निघालेली असल्यामुळे प्रतीत जी उणीव असेल, ती तिन्हींत सारखीच उतरते.

पहिली उणीव शिळेपणाची. स्लायसरची कळ दाबल्याने नोंदवही पुन्हा वाचली जात नाही, साठविलेल्या प्रतीतूनच निवड होते. सकाळी बारा खेपा नोंदविल्या आणि दुपारी कळ दाबली, तरी त्या बारा खेपा दिसणार नाहीत. त्यासाठी Data पट्टीवरील Refresh All दाबावे लागते. प्रत ताजी आहे की नाही हे पाहण्यासाठी कोष्टकांच्या शेजारी एका चौकटीत पुढील सूत्र लिहून ठेवावे :

```
=ROWS(Khepa)
```

हे सूत्र नोंदवहीतील ओळींची संख्या थेट मोजते. स्लायसरवरील सर्व निवडी Clear Filter या खुणेने काढल्यावर कोष्टकांची बेरीज आणि या सूत्राचे उत्तर समान आले पाहिजे. उत्तर ६५२ आणि बेरीज ६४० असेल, तर प्रत ताजी करावयाची राहिली आहे. ताजी करूनही फरक उरला, तर काही ओळींत गावाचे नाव कोरे राहिले असण्याचा संभव असतो, कारण गणती होते ती भरलेल्या चौकटींचीच.

दुसरी उणीव लेखनाची. नोंदवहीत चार ठिकाणी ‘पूर्व’ ऐवजी ‘पुर्व’ असे ऱ्हस्व उकाराने लिहिले गेले, तर एक्सेलच्या लेखी ते चौथे मंडळ होते. ‘पूर्व’ ही कळ दाबल्यावर तिन्ही कोष्टके एकमताने २४६ असे सांगतात, आणि बेरजा जुळल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. येथे स्लायसरची पाटीच उपयोगी पडते. तालुक्यात मंडळे तीन असताना पाटीवर कळा चार दिसल्या, की चूक उघडी पडते. म्हणून कोणतीही कळ दाबण्यापूर्वी पाटीवरील कळा मोजून पाहण्याची सवय चांगली. नोंदवहीतील शुद्धलेखन सुधारून Refresh All केल्यावरही जुनी ‘पुर्व’ ही कळ पाटीवर रेंगाळत राहिली, तर स्लायसरच्या Slicer Settings मधील Show items deleted from the data source ही खूण काढावी.

स्लायसरच्या मर्यादा

दोन वेगळ्या नोंदवह्यांना एका स्लायसरने सांधता येईल काय, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. खेपांची एक वही आणि पाणी न पोहोचल्याच्या तक्रारींची दुसरी, दोहोंत मंडळाचा स्तंभ आहे, तेव्हा एका कळीने दोन्ही बदलाव्यात, अशी अपेक्षा चुकीची नाही. परंतु वह्या दोन म्हणजे कॅश दोन, म्हणून वर वर्णन केलेल्या रीतीने ते होत नाही. स्तंभाचे नाव सारखे असले तरी एक्सेल तेवढ्यावरून नाते जुळवीत नाही.

त्यासाठी २०१३ पासूनच्या विंडोजवरील एक्सेलमध्ये डेटा मॉडेल ही सोय आहे. प्रत्येक गाव एकदाच आणि त्यापुढे त्याचे मंडळ अशी तिसरी छोटी सारणी करावी लागते. खेपांची आणि तक्रारींची सारणी Data पट्टीवरील Relationships मधून गावाच्या स्तंभाद्वारे या छोट्या सारणीशी जोडावी. कोष्टके तयार करताना डेटा मॉडेलचा आधार घ्यावा. स्लायसर मात्र त्या छोट्या सारणीतील ‘मंडळ’ याच स्तंभावरून काढावा. खेपांच्या वहीतील मंडळावरून काढल्यास तक्रारींचे आकडे त्याप्रमाणे बदलणार नाहीत. गावांची नावे दोन्ही वह्यांत तंतोतंत एकसारखी असणे ही या मार्गाची पहिली अट आहे.

कोष्टकांच्या जागेचाही विचार करावा लागतो. ‘पूर्व’ निवडलेले असताना गावांचे कोष्टक पाच ओळींचे असते. निवड काढली की ते सर्व गावांचे होऊन खाली पसरते. त्याच्या तळाशी दुसरे कोष्टक असेल, तर एकावर दुसरे येऊ शकत नाही, अशी सूचना देऊन एक्सेल थांबते. म्हणून कोष्टके एकाखाली एक न मांडता शेजारी शेजारी मांडावीत.

पान दुसऱ्याच्या हाती देताना

स्लायसरवर जी कळ दाबलेली असताना धारिका साठविली जाते, ती पुन्हा उघडल्यावरही तीच निवड कायम असते. सायंकाळी पूर्व मंडळ निवडून बंद केलेली धारिका सकाळी दुसऱ्याने उघडली, तर समोरचे २५० हे आकडे तालुक्याचे आहेत असा त्याचा समज होऊ शकतो. छापील प्रतीत तर कळ दाबून पाहण्याची सोयही नसते. म्हणून पान छापताना स्लायसरची पाटी त्यावर राहू द्यावी. दाबलेली कळ रंगाने वेगळी दिसते, आणि आकडे कोणत्या मंडळाचे आहेत हे कागदही सांगू शकतो.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्लायसर आकडे निवडतो, लपवीत नाही. पूर्व मंडळ निवडलेली एक्सेलची धारिका पूर्व मंडळातील एखाद्या ग्रामपंचायतीकडे पाठविली, तर तिच्याबरोबर तिन्ही मंडळांच्या सर्व खेपा जातात. नोंदवहीचे पान काढून टाकले तरी कॅश धारिकेतच असते, आणि कोष्टकातील एखाद्या आकड्यावर माउसने दोनदा टिचकी मारली की त्यामागच्या ओळी नव्या पानावर उलगडतात. खेपांच्या नोंदींत गोपनीय असे फारसे काही नसेलही. परंतु हीच रीत विद्यार्थ्यांच्या किंवा लाभार्थ्यांच्या यादीला लावली, तर एका शाळेला पाठविलेल्या पानातून साऱ्या केंद्रातील मुलांची माहिती बाहेर जाऊ शकते. अशा वेळी एक्सेलची धारिका न पाठविता त्या निवडीचे पान छापून अथवा पीडीएफ करून पाठवावे.

बैठकीपूर्वी पाच मिनिटे हाताशी असतील, तर ती अशा तपासणीस द्यावीत : Refresh All दाबावे, निवडी काढून बेरीज ओळींच्या संख्येशी ताडून पाहावी, पाटीवरील कळा मोजाव्यात, आणि प्रत्येक कळ एकदा दाबून तिन्ही कोष्टकांच्या बेरजा एकमेकींशी जुळवाव्यात. इतके केल्यानंतर ‘पूर्व’ ही कळ दाबली असता दिसणारे २५० हे तिन्ही कोष्टकांत त्याच २५० खेपांचे असतात, आणि न झालेल्या गोष्टीचा जाब कोणत्याही टँकरचालकाला द्यावा लागत नाही.